सर, तेवढं पगाराचं बघा ना

आमच्या कंपनीत पगारवाढ मागायची एक रीत आहे. खरं म्हणजे मागायची नाही, नुसती आठवण करून द्यायची. तीही समोर बसून नाही, कामाच्या वेळेत नाही, तर सणावाराला, मोबाईलवर. दसऱ्याला साहेबांना आपट्याच्या पानाचं चित्र पाठवायचं, खाली 'सोन्यासारख्या माणसाला सोनेरी शुभेच्छा' असं लिहायचं, आणि त्याच्याही खाली, जाता जाता सुचल्यासारखं, 'सर, तेवढं पगाराचं बघा ना'. मग हात जोडलेले इमोजी. जितकी नड मोठी तितके हात जास्त. साहेबांकडून उत्तराला एक अंगठा येतो. अंगठा आला की माणूस दिवाळीपर्यंत खूश. दिवाळीला पणतीचं चित्र.

मी सुप्याच्या एमआयडीसीत, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. गिऱ्हाईक कंपन्यांच्या तक्रारींना उत्तरं देणं हे माझं काम. एखाद्या भागावरचं भोक केसभर सरकलं की तिकडून मेल येतो. मग काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं आणि या सगळ्याला पुरावा काय, हे मी मेलवर लिहून पाठवते. तिथे 'बघा ना' चालत नाही. पुरावा नसलेलं वाक्य गिऱ्हाईक कंपनीचा माणूस पिवळं करून परत पाठवतो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझा स्वभाव खवचट झाला असं घरचे म्हणतात. स्वभाव मुळातच तसा होता. कंपनीने फक्त त्याला पगार दिला.

आमचे क्वालिटी मॅनेजर मात्र स्वभावाने गोड. त्यांनी आजवर कोणाला नाही म्हटलेलं नाही आणि हो म्हटल्याचंही कोणाला आठवत नाही. नाही म्हणायला धाडस लागतं, हो म्हणायला अधिकार लागतो. दोन्ही नसलं की माणूस 'बघतो' म्हणतो. सरांचं 'बघतो' इतकं प्रसिद्ध होतं की कॅन्टीनमध्ये पोळी लवकर आली नाही तरी लोक म्हणत, सर बघतायत.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. मुलगी मी म्हणते खरी, पण तिशीला टेकलेली आहे. पारनेरच्या बाजूच्या एका खेड्यातून स्कूटीवर येते. लाईनवर इन्स्पेक्टर म्हणून लागली होती, म्हणजे तयार भाग गेजमध्ये बसवून बघायचा, बसला तर पुढे, नाही तर बाजूला. पुढे आमचा एक इंजिनियर चाकणला चांगल्या पगारावर निघून गेला. त्याच्याकडे कारखान्यातल्या सगळ्या गेजचं कॅलिब्रेशन होतं. म्हणजे ज्या हत्याराने आपण माप बघतो ते हत्यारच बरोबर आहे की नाही, हे ठराविक मुदतीने तपासायचं आणि नोंद ठेवायची. शिवाय गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट आलं की त्या नोंदी घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं. सरांनी ते सगळं हिच्याकडे दिलं. तात्पुरतं, असं म्हणाले. त्याला तीन वर्षं होत आली होती. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, हिच्या पगारपत्रावरचं 'लाईन इन्स्पेक्टर' काही बदललं नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता मोबाईलकडे बघत बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई ताई. सरांना मेसेज टाकला हुता."

"मग?"

"अंगठा आला."

मी मोबाईल मागितला. तिने आढेवेढे घेत दिला. मी वर सरकवत गेले तशी तीन वर्षांची सणावळच उघडली. 'गुड मॉर्निंग सर. पाडव्याच्या शुभेच्छा. माझं पगाराचं तेवढं बघा ना.' अंगठा. 'सर सॉरी डिस्टर्ब केलं. मागं बोलले होते त्याचं काय झालं.' अंगठा. 'सर आईच्या गुडघ्याचं लई वाढलंय, जमलं तर बघा.' यावर अंगठा नव्हता, एक रडका चेहरा होता. 'सर त्यांना वाढ भेटली, मला नाही, माझं काय चुकलं का.' याला उत्तरच नव्हतं. आणि आजचा, 'सर, एप्रिलमध्ये तरी बघा ना, प्लीज', त्यापुढे हात जोडलेले सात-आठ इमोजी.

मला राग आला. सरांचा आला, तसा तिचाही आला. गेजचा काटा जरा हलला तर पूर्ण बॅच अडवणारी ही बाई. प्रॉडक्शनचा माणूस अंगावर धावून आला तरी 'कागद दाखवा' म्हणून जागची न हलणारी. आणि स्वतःच्या पगाराला मात्र 'जमलं तर'.

"हे मेसेज सरांनी पुढे पाठवायचे म्हटले तर कुणाला पाठवतील?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"पगार सर देत नाहीत, बाई. सर शिफारस करतात. पद बदलायचं असेल तर एक पान लिहून द्यावं लागतं, काय काम, का बदलायचं, आधार काय. ते एचआरकडे जातं, मग प्लँट हेड सही करतात. तू सरांना काय दिलंस? आपट्याचं पान. ते एचआरला फॉरवर्ड करायचं?"

ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, सर लिवतील."

सर लिहितील. आमच्या सरांना रजेचा अर्ज लिहायचाही कंटाळा. एक पान लिहायला लागू नये म्हणून त्यांनी एका बाईची तीन वर्षं अंगठ्यावर काढली, आणि त्यात त्यांना वाईट वागल्यासारखं कधी वाटलंही नसेल. गोड माणसांचं हेच असतं.

शिवाय वेळेचा घोळ. शिफारशी मार्चच्या मध्यापर्यंत एचआरकडे जातात आणि एप्रिलमध्ये पत्रं निघतात. हिचे निम्मे मेसेज दसरा-दिवाळीचे, तेव्हा कोणाच्या डोक्यात हा विषय नसतो. एक मेसेज मे महिन्यातला, सगळी पत्रं वाटून झाल्यावर. वरातीमागून घोडं. या वर्षी अजून दोन आठवडे हातात होते.

"सुट्टीच्या दिवशी घरी ये," मी म्हटलं. "नेमणुकीचं पत्र आण. आणि त्या मोबाईलला हात लावू नकोस."

माझं घर नगरला, सावेडीत. ती आली ती मेथीची जुडी आणि आईने केलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन. आई तिची दिवसभर एकटीच गावात असते. रोजंदारीवर जन्म गेला, आता गुडघ्यांनी घरी बसवलं. सुप्यात दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि आईला आणायचं, हे हिच्या मनात दोन वर्षं होतं. आहे त्या पगारात खोल्याच होत होत्या, मग खायचं काय हा प्रश्न. चाकणहून एक बोलावणं आलं होतं, पण तिथे गेलं की आई आणखी लांब. म्हणजे सगळं या एका पत्रावर अडलेलं.

कंपनीत मेल इंग्रजीत चालतो. पण मी तिला म्हटलं, आधी मराठीत लिहू. इंग्रजीत माणूस काहीही लिहितो आणि त्याचं त्यालाच बरं वाटतं. मराठीत फुगवलेलं लगेच ऐकू येतं.

तिने वहीत लिहून आणलेला कच्चा मसुदा वाचला. सुरुवात अशी: 'सर, मी गरीब घरातली असून...'

"खोड ते," मी म्हटलं.

"खरं हाय ते, ताई."

"खरं आहे म्हणूनच खोड. गरिबीवर सर हळहळतील. हळहळ गेली तीन वर्षं चालूच आहे. तुला पैसे हवेत."

आईच्या गुडघ्यांनाही काट मारली. इथे ती दुखावली. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला पाणी पिऊन येते म्हणून उठली. मला वाईट वाटलं, पण मी काट मागे घेतली नाही. एचआरच्या तक्त्यात गुडघ्यांना रकाना नसतो.

पुढचं वाक्य होतं, 'अमक्याला वाढ दिली कारण तो सरांच्या गावचा आहे.' हे वाक्य वाचून मला फार आनंद झाला, कारण ते शंभर टक्के खरं होतं. तेही काढायला लावलं. दुसऱ्याचं नाव घेतलं की चर्चा त्याच्यावर जाते, आपण राहतो बाजूला. आणि शेवटी, 'नाही तर मला चाकणला बोलावलंय.'

"ते राहू दे की," ती म्हणाली. "जरा भीती वाटंल."

"सरांना? सर म्हणतील, अरे वा, अभिनंदन. जायची तयारी असेल तरच असं लिहायचं. आहे?"

तयारी नव्हती. तेही गेलं. मसुद्यात आता फक्त 'आपली विश्वासू' उरलं होतं, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती जशी लाईनवरची माणसं तिच्याकडे बघतात.

मग आम्ही कामाला लागलो. मी तिला तेच विचारलं जे गिऱ्हाईक मला विचारतं. हे काम तुझ्याकडे दिलं याला पुरावा काय? तिने बराच वेळ आठवलं. सरांनी तोंडी सांगितलं होतं. पण त्याच दिवशी सगळ्या विभागांना एक मेल गेला होता, की यापुढे गेजबाबत हिच्याशी संपर्क करावा. तो मलाही आला होता, मी शोधला. काम चांगलं केलं याला पुरावा काय? गिऱ्हाईकांच्या ऑडिटचे अहवाल. आधीच्या ऑडिटमध्ये गेजच्या नोंदींवर शेरे होते, हिच्या काळातल्या दोन्ही ऑडिटमध्ये एकही नाही. कंपनीचा फायदा काय? पूर्वी साधी गेजसुद्धा बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला जायची. हिने ती कारखान्यातच तपासायची सोय लावली. फक्त मास्टर, म्हणजे ज्यांच्याशी बाकीची ताडून बघतात ती, बाहेर मान्यताप्राप्त ठिकाणी जातात. खरेदी विभागात बाहेरची बिलं होती, आधीची आणि नंतरची. हे सगळं तिला पाठ होतं. हे पगाराच्या संदर्भात सांगायचं असतं, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि या कामाला किती द्यायला हवं, याला पुरावा?"

यावर तिने मोबाईल उचलला. मग एकदम म्हणाली, "ताई, तो इंजिनियर गेला तवा आपल्याच कंपनीनं जाहिरात दिल्ती की. मी पाहून ठिवलीय."

तिने मोबाईलवर दाखवली. आमचीच कंपनी, तेच काम, पद क्वालिटी इंजिनियर, खाली पगाराची किमान आणि कमाल रक्कम छापलेली. किमान रक्कमही हिच्या पगारापेक्षा बरीच वर. शिक्षण डिप्लोमा, तो हिच्याकडे होता. जाहिरात महिन्याभराने काढून टाकली होती, कारण माणूस फुकट मिळाला होता. मी त्या पडद्याकडे बघून इतक्या जोरात हसले की शेजारच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, कोणाचं काय झालं.

संध्याकाळपर्यंत हे तयार झालं:

'विषय: पद आणि वेतनाच्या फेरविचाराबद्दल विनंती

आदरणीय सर,

गेज कॅलिब्रेशन आणि ग्राहक ऑडिट ही कामं आपण विश्वासाने माझ्याकडे दिलीत आणि वेळोवेळी मार्गदर्शन केलंत, याबद्दल मनापासून आभार. या कामातून मला खूप शिकायला मिळालं.

माझी नेमणूक लाईन इन्स्पेक्टर म्हणून झाली होती. आधीच्या इंजिनियरांनी कंपनी सोडल्यावर वरील दोन्ही कामं तात्पुरती माझ्याकडे आली (आपला त्या वेळचा मेल जोडला आहे). तेव्हापासून आजपर्यंत मी ती सलग करत आहे. माझं पद आणि वेतनश्रेणी मात्र नेमणुकीच्या वेळचीच आहे.

या काळात झालेल्या दोन्ही ग्राहक ऑडिटमध्ये गेजच्या नोंदींबाबत एकही त्रुटी निघाली नाही. त्याआधीच्या ऑडिटचा अहवालही तुलनेसाठी जोडला आहे. साधी गेज कारखान्यातच तपासण्याची पद्धत बसवल्यामुळे बाहेरच्या प्रयोगशाळेचा खर्च कमी झाला, त्याची बिलं खरेदी विभागाकडून घेऊन जोडली आहेत.

हे पद रिकामं झालं तेव्हा कंपनीने दिलेल्या जाहिरातीची प्रत सोबत आहे. त्यातली कामं मी आज करत आहे आणि शिक्षणाची अटही पूर्ण करते. तरी माझं पद क्वालिटी इंजिनियर असं करून वेतन त्या पदाच्या किमान श्रेणीपर्यंत सुधारावं, अशी विनंती आहे. या वर्षीच्या शिफारशींमध्ये याचा विचार व्हावा.

याबाबत समक्ष बोलण्यासाठी या आठवड्यात आपल्या सोयीची वेळ मिळाल्यास आभारी राहीन. माझ्या कामात काही कमी असेल किंवा मी आणखी काही शिकायला हवं असेल, तर तेही समजून घ्यायला आवडेल.

आपली विश्वासू'

तिने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "ह्यात मी हाय असं वाटतच न्हाई."

"यातच आहेस. त्या इमोजीत नव्हतीस."

पुढच्या सकाळी इंग्रजी करून, सगळं जोडून, तिने माझ्यासमोर मेल पाठवला. मी बजावलं, "आता गप्प बसायचं. उत्तर मेलवर येईल. तीन दिवसांत आलं नाही तर त्याच मेलवर एक ओळ लिहायची. मोबाईल नाही." ती हो म्हणाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण तिने हो दोनदा म्हटलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, तेही चक्क वाक्यात. सरांनी भेटीची वेळ दिली होती. कारण सरळ होतं. पान लिहायचे कष्ट कोणीतरी केले होते, त्यांना फक्त फॉरवर्ड करायचं होतं. मेल एचआरला गेला आणि तिकडून मला बोलावणं आलं, कारण ऑडिटचे अहवाल माझ्याकडे असतात आणि ते खरे आहेत हे कोणीतरी सांगायचं होतं.

मीटिंगच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मी, ती, सर आणि एचआरचे प्रमुख. हे गृहस्थ रुक्ष, चष्म्याच्या वरून बघणारे, पण समोरचा कागद पूर्ण वाचणारे. त्यांनी एकेक जोडपत्र उघडलं, मला दोन प्रश्न विचारले, खरेदीच्या बिलावर बोट ठेवून 'हे चांगलं आहे' म्हणाले. जाहिरात त्यांनी दोनदा वाचली. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात सरांनी खिशातून मोबाईल काढला.

"तसं फार ताणायची गरज नाहीये," सर नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले. "या स्वतःही समजूतदार आहेत. मेलनंतर लगेच मला लिहिलंय त्यांनी." आणि वाचून दाखवलं: "'सर मेल टाकलाय. ताईंनी लिहून दिला, काही चुकलं असेल तर माफ करा. राग मानू नका. नाही झालं तरी चालेल.'" मग त्यांनी मोबाईल एचआरपुढे धरला. "म्हणून म्हटलं, पद वगैरे राहू द्या, यंदा नेहमीपेक्षा थोडी जास्त वाढ देऊन टाकू."

मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. इतका संताप मला क्वचित आला असेल. एक अख्खा दिवस पुरावे गोळा केले, एकेक शब्द तोलला, आणि हिने जाऊन एका ओळीत सगळं परत करून टाकलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि सर. या माणसाला तीन वर्षांत हिचा एकही मेसेज कामाचा वाटला नाही, आणि हाच नेमका वाटला. हा मात्र पुरावा म्हणून जपून आणला.

वाईट हे की हिचं यात काही नवलही नाही. आमच्याकडे मागणारा माणूस मागतानाच दार अर्धं लावून घेतो, म्हणजे समोरच्याला लावायचे कष्ट नकोत. उसनी साखर मागायला आलेली शेजारीणसुद्धा आधी म्हणते, नसली तरी चालेल. ते खरं नसतं हे दोघींना ठाऊक असतं, म्हणून साखर मिळते. पण कंपनी म्हणजे शेजारीण नव्हे. कंपनीला 'चालेल' म्हटलं की तिचं खरोखर चालतं.

एचआर प्रमुखांनी चष्मा काढला. तिला विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय?"

"व्हय सर."

"मग मी कशावर निर्णय घेऊ? मेलवर की यावर?"

मी तोंड उघडणार होते, पण हा प्रश्न मला नव्हता. तिने मान वर केली.

"सर, ते मी सवयीनं लिवलं," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "काल आईला वाचून दाखिवलं, तर ती म्हनली, तुझ्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली ती मान वर करून जगायला, आन तू फोनवर हात जोडत बसलीस. मी रातभर इचार केला. न्हाई झालं तरी चालंल असं लिवलं, पन चालत न्हाई, सर. तीन वर्सं चालवलं. आता चालत न्हाई. मेलवर निर्नय घ्या."

सरांनी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. एचआर प्रमुखांनी चष्मा घातला आणि जाहिरातीची प्रत पुन्हा हातात घेतली.

"ही जाहिरात आपलीच ना?" त्यांनी सरांना विचारलं.

"हो," सर म्हणाले. उत्तर म्हणून त्यांच्या तोंडून 'बघतो' सोडून दुसरा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

एप्रिलमध्ये पत्र आलं. पद क्वालिटी इंजिनियर, वेतन त्या श्रेणीच्या किमान आकड्यावर, एक एप्रिलपासून. मागच्या तीन वर्षांचं काही नाही. ते मेलमध्ये मागितलं नव्हतं, आणि न मागितलेलं देण्याची वाईट सवय आमच्या कंपनीला नाही. तिने पत्र मला वाचायला दिलं. मी म्हटलं, मिळालं एकदाचं. ती म्हणाली, "ताई, खोल्या बगायला संध्याकाळी येता का?" आम्ही गेलो. तिने पहिली खोली जिना आहे म्हणून नाकारली, आणि घरमालक भाडं कमी करतो म्हणाला तरी ऐकलं नाही. तळमजल्याची घेतली. तिची आई आता तिथे असते आणि मला बघितलं की हमखास विचारते, तू मुलीला मेल लिवायला शिकवलंस, पन लगीन करायला कोण शिकवंल. त्याचा मेल मी लिहू शकत नाही असं मी सांगते.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण मेमध्ये एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सर आमच्या टेबलाशी आले. हातात चहाचे दोन कप, एक माझ्यासाठी. हे याआधी कधी झालं नव्हतं, त्यामुळे मी तो कप संशयानेच घेतला.

"मॅडम, जरा एक काम होतं," ते खुर्ची ओढत म्हणाले. "तुम्ही तिचा तो मेल केला होता ना. तसा एक माझा..."

"तुमचा?"

"पाच वर्षं झाली, माझी श्रेणी तीच आहे. प्लँट हेडना सांगून थकलो."

"सांगितलं म्हणजे?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. मी वर सरकवत गेले. दसरा, आपट्याचं पान. दिवाळी, पणती. 'सर, जमलं तर माझंही बघा ना.' हात जोडलेले. खाली प्लँट हेडचा अंगठा. संक्रांत, तिळगूळ, अंगठा. आमच्या सरांनी आयुष्यभर जो अंगठा वाटला तो त्यांना वरून येत होता, आणि प्लँट हेडनाही पुण्याच्या ऑफिसातून येत असणार यात मला तिळमात्र शंका उरली नाही. यावर हसावं की कीव करावी कळेना. शेवटी मी चहा प्यायले.

"नेमणुकीचं पत्र आणा," मी म्हटलं. "आणि गरिबी लिहू नका."

सरांना आणायला आठवडा लागला, लिहायला आणखी एक. त्यांना पुरावे द्यायचे म्हणजे मी, ती, आणि विभागातल्या सगळ्यांनी काय काम केलं ते शोधावं लागलं, हा भाग वेगळाच. पण तो मेल चांगला झाला. सरांनी तो आमच्या टेबलाशी बसूनच पाठवला. पाठवून झाल्यावर खुर्चीत मागे टेकले, सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि सवयीने खिशातून मोबाईल काढला. दोन्ही अंगठे पडद्यावर फिरायला लागले. 'सर, मेल टाकलाय, काही चुकलं असेल तर...'

मी त्यांना थांबवलं नाही. मला शेवट बघायचा होता.

शेजारच्या टेबलावर ती गेजच्या नोंदी करत होती. मान वर न करता म्हणाली, "सर, फोन ठिवा खाली."

आणि सरांनी ठेवला.